चावताना कानापुढे दुखणं आणि कट्‌कट् आवाज

«डॉक्टर साहेब, माझं वय 32, मी घरीच शिवणकाम करते, गाव यवतमाळ जिल्ह्यात. दीड महिन्यापासून उजव्या कानाच्या पुढं दुखते. भाकर चावली की कट् असा आवाज येते अन् सकाळी उठल्यावर जबडा आखडल्यासारखा वाटते. कानाच्या डॉक्टरनं पाहिलं, कान चांगला आहे म्हणतात. दाढही किडलेली नाही. सूज नाही, ताप नाही. सगळे म्हणतात मऊ खा अन् शेका, पण कसं अन् किती दिवस? हा आवाज कधी जाईल? सांधा झिजला तर नाही ना?»

ताई, कान आणि दाढ दोन्ही तपासून घेतल्या हे फार बरं केलंत. तुमच्या लिहिण्यावरून हा जबड्याच्या सांध्यावर आणि जबडा ओढणाऱ्या स्नायूंवर आलेला ताण वाटतो. झीज म्हणावी असं काही मला यात दिसत नाही. झिजलेल्या सांध्याचा आवाज सहसा वेगळा असतो, वाळूवर पाय घासावा तसा करकर. तुमचा एकच स्वच्छ ‘कट्’ आहे आणि त्याचं कारण दुसरं आहे.

आधी घरीच दोन गोष्टी तपासून बघा. दोन्ही तर्जन्या कानाच्या छिद्राच्या अगदी पुढं, अर्ध्या बोटावर ठेवा आणि तोंड हळू उघडा, मिटा. बोटाखाली एक हाडाची गोळी पुढं सरकून परत मागं येताना लागेल. तोच सांधा. मग बोटं खाली गालावर आणा, जबड्याच्या कोपऱ्याच्या थोडी वर, आणि दात एकदा घट्ट दाबा. जो स्नायू टणक होऊन फुगतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. दात सैल सोडून त्याच्यावर थोडं दाबा. तिथं दाबल्यावर ‘हेच, हेच दुखते’ असं वाटलं तर तुमचं दुखणं सांध्यापेक्षा स्नायूचं जास्त आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं असंच निघतं आणि ही त्यांच्यासाठी चांगली बातमी असते, कारण स्नायूला विश्रांती मिळाली की तो सुधारतो.

दुसरी गोष्ट, तुमच्याच हाताची मधली तीन बोटं उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का ते बघा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं. तीन गेली तर चिंता नाही. दोनच जात असतील आणि दुखत असेल तर ते लिहून ठेवा, दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायचं आहे. जोर लावून तिसरं बोट घुसवू नका.

आता आवाजाबद्दल. डोक्यावर घागर घेताना आपण चुंबळ ठेवतो ना, मधे पातळ आणि कडेला जाड? जबड्याच्या सांध्यात अगदी तशीच एक गादी असते. खालच्या जबड्याच्या हाडाचं गोल डोकं, त्यावर ही चुंबळ आणि वर कवटीचं हाड. तोंड उघडताना डोकं आणि चुंबळ दोघं मिळून पुढं सरकतात. काही कारणानं चुंबळ जागेवरून जराशी पुढं सरकली, तर तोंड उघडताना डोक्याला तिच्या मागच्या जाड कडेवरून उडी मारून मधल्या पातळ भागात यावं लागतं. ती उडी म्हणजे तुमचा ‘कट्’. मिटताना चुंबळ पुन्हा निसटते, म्हणून काहींना तेव्हाही एक हलका आवाज येतो.

हे सविस्तर सांगतोय, कारण पेशंट आवाजालाच घाबरतात आणि सगळा उपचार आवाज घालवण्यासाठी करत बसतात. नुसता आवाज, दुखणं नाही, तोंड नीट उघडतं, असे कितीतरी लोक गावात फिरत असतात आणि त्यांना काहीच करायची गरज नसते. चुंबळ थोडी पुढं राहूनही सांधा आयुष्यभर नीट काम देतो. तुमचं दुखणं जाईल, आखडणं जाईल, पण आवाज कदाचित राहील. तो राहिला म्हणजे उपचार चुकला असं समजू नका. आणि एक विनंती, आवाज अजून येतो का हे बघायला दिवसातून वीसदा जबडा उघडमीट करू नका. मुरगळलेला पाय बरा झाला का हे बघायला कोणी रोज उड्या मारत नाही.

आता ताण आला कुठून? चावण्यानं, असं सगळ्यांना वाटतं. पण दिवसभराची दोन-तीन जेवणं धरली तरी दात प्रत्यक्ष एकमेकांना टेकतात तो वेळ फार थोडा असतो, काही मिनिटांचाच. बाकी सगळा वेळ वरचे आणि खालचे दात सुटे असायला हवेत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकी टेकलेली. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक जिथं लागतं, तीच तिची विश्रांतीची जागा. हे वाचताना तुमचे दात कुठं आहेत ते बघा. टेकलेले सापडले तर तुमच्या दुखण्याचं मोठं कारण सापडलं. नुसते हलके टेकलेले असले तरी तो स्नायू काम करत असतो, आणि असं तासन्‌तास चाललं की तो सकाळी आखडतो, जेवताना दुखतो.

शिवणकाम करणाऱ्या बायांमध्ये हे मी वर्षानुवर्षं बघतोय. सुईत दोरा ओवताना, काज करताना, बारीक टीप मारताना मान पुढं जाते, श्वास थांबतो आणि दात आवळले जातात. त्यात दोरा दातानं तोडायची सवय. तुम्हाला ती आहे का? टाचण्या आणि सुया दातात धरता का? तोडायच्या बाजूच्या पुढच्या दाताच्या कडेवर छोटी खाच पडलेली असते, आरशात दिसेल. दोरा तोडताना जबडा थोडा पुढं आणि बाजूला काढावा लागतो आणि मग झटका. दिवसातून शंभरदा तो झटका त्याच सांध्याला बसतो. कात्री दोरीनं मशीनला बांधून ठेवा म्हणजे हात लगेच तिच्याकडे जाईल, आणि टाचण्यांसाठी मनगटाला कापसाची गादी बांधा.

दात आवळण्याची सवय मात्र ‘आवळायचं नाही’ असं ठरवून मोडत नाही, कारण ती आपल्याला कळतच नाही. त्यासाठी खूण लागते. मशीनच्या दांडीवर लाल दोऱ्याचा एक तुकडा बांधा, एक चुलीजवळ, एक मोबाइलच्या कव्हरवर. लाल दिसला की बघायचं: दात टेकलेत का? टेकलेले असतील तर ओठ मिटूनच नाकानं एक श्वास सोडा आणि जबडा खाली लटकू द्या. एवढंच. पहिल्या दोन दिवसांत तुम्ही दर वेळी टेकलेलेच सापडाल. आठवड्याभरात निम्म्या वेळा सुटे सापडाल. शेक, गोळी, मऊ खाणं या सगळ्यांत मिळून जेवढा फरक पडतो, तेवढा या लाल दोऱ्यानं पडतो, असा माझा 22 वर्षांचा अनुभव आहे.

मऊ खाण्याबद्दल. पहिले दोन आठवडे नीट पाळा, पुढचे दोन ते चार आठवडे हळूहळू नेहमीच्या जेवणाकडे या. मऊ म्हणजे पातळ नव्हे. काही जण घाबरून फक्त दूध आणि पेज घेतात, आठ दिवसांत अशक्त होतात आणि सोडून देतात. वरण-भात, मऊ खिचडी, ज्वारीच्या कण्या, आंबील, कढी, उपमा, उकडलेली अंडी, दही, पिकलेलं केळं, पपई, नीट शिजलेली भोपळा-दोडक्याची भाजी, हे पोटभर खा. भाकर बंद करायची गरज नाही. तव्यावरून उतरलेली ताजी भाकर गरम वरणात कुस्करा, पाच मिनिटं भिजू द्या आणि चमच्यानं खा. शिळी, कडक पापुद्र्याची भाकर आणि रोडगे मात्र या दिवसांत नको. हुरडा, फुटाणे, भाजलेल्या शेंगा, मक्याचं कणीस, ऊस, चिकट चिक्की आणि च्युइंगम एकदम बंद. घास लहान घ्या. पेरू-सफरचंद दातानं तोडून खाऊ नका, फोडी करा, कारण मोठा घास घ्यायला तोंड जास्त उघडावं लागतं आणि तुमचा ‘कट्’ तिथंच होतो.

एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. उजवीकडे दुखतं म्हणून सगळं डावीकडे चावतो. जबडा एकच हाड आहे, दोन्ही टोकांना सांधे असलेलं. एका बाजूनं चावताना उलट्या बाजूच्या सांध्यावरही दाब येतो, आणि महिनाभरात दुसरी बाजूही बोलू लागते. म्हणून मऊ खा आणि दोन्ही बाजूंनी थोडं थोडं चावा.

शेकाबद्दल. दीड महिन्याचं, स्नायूचं, आखडणारं दुखणं आहे, त्यामुळे ओला गरम शेक तुम्हाला चांगला लागेल. सुती पंचाची चौपदरी घडी गरम पाण्यात बुडवून पिळा, कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, सोसवतं तेवढंच गरम हवं. मग कानापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत ठेवा. कापड तीन-चार मिनिटांत गार होतं आणि लोक त्यावरच थांबतात. स्नायूत ऊब उतरायला 15 मिनिटं लागतात, म्हणून परत परत बुडवावं लागतं. त्यापेक्षा रबरी पिशवीत किंवा जाड बाटलीत गरम पाणी भरा, ओल्या पंचात गुंडाळा आणि 15 मिनिटं ठेवा. दिवसातून तीनदा, त्यातला एक शेक झोपायच्या आधी. दोन्ही बाजूंना द्या.

तव्यावर मीठ किंवा वाळू तापवून पुरचुंडीनं शेकायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. मी ती सहसा सांगत नाही. मीठ बाहेरून सोसवतं तेवढं लागतं आणि आत धगधगत असतं. मधुमेह असलेल्या एका आजीबाईंच्या गालाला त्यानं फोड आलेले मी स्वतः बघितलेत, त्यांना चटका कळलाच नव्हता. ज्यांना साखर आहे, ज्यांच्या चेहऱ्याला बधिरपणा आहे, त्यांनी घरच्या दुसऱ्या माणसाच्या हाताला विचारून शेक घ्यावा. चेहऱ्यावर सूज, लाली किंवा ताप असेल तर कुणीच शेकू नये, कारण ते दाढेच्या पूचं लक्षण असू शकतं.

गार शेक कधी? एकाएकी मोठी जांभई दिली, दाढ काढताना तोंड फार वेळ उघडं राहिलं किंवा मार लागला आणि दुखणं सुरू झालं, तर पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून दहा-दहा मिनिटं. आपल्या वैशाखातल्या उन्हात गरम पंचा गालावर नकोसा होतो, तेव्हाही गार कापडानं बरं वाटत असेल तर तेच करा. ज्यानं स्नायू सैल होतो ते बरोबर.

शेकानंतर पाच मिनिटं राखून ठेवा. गालावरचा तो फुगणारा स्नायू तीन बोटांनी गोल गोल चोळा, वरून खाली, सोसवेल इतक्याच जोरानं. दुखरी गाठ लागली तर तिच्यावर दहा आकडे मोजेपर्यंत बोट दाबून ठेवा आणि सोडा. मग आरशासमोर बसा. जिभेचं टोक ‘न’च्या जागी टाळूला लावा आणि ते न सोडता तोंड हळू उघडा. जीभ टाळूला असेपर्यंत तोंड अर्धंच उघडतं, आणि बहुतेकांना या टप्प्यात ‘कट्’ होत नाही. हनुवटी एका बाजूला पळते का ते बघा, पळत असेल तर हळू करून सरळ रेषेत ठेवा. सहा वेळा, दिवसातून पाच-सहा फेऱ्या. दुखलं तर थांबा. जांभई आली की मूठ हनुवटीखाली लावा किंवा हनुवटी छातीकडे घ्या, म्हणजे जबडा मर्यादेबाहेर जात नाही.

गोळीचं थोडक्यात. फार दुखतं त्या दिवसांत पॅरासिटामॉल 500 ची एक गोळी, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, आणि हे पाच-सहा दिवसांपुरतंच. यकृताचा त्रास असेल तर तीही विचारूनच. डायक्लोफेनॅकचं मलम गालावर लावलं तर चालतं, डोळ्यांपासून दूर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या अॅसिडिटी, किडनीचा त्रास, बीपी किंवा पोटात बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि कुठूनही कागदात बांधून मिळणारी, नाव नसलेल्या गोळ्यांची पुडी घेऊ नका. त्यात स्टिरॉइड असलं तरी ते पेशंटला कळतसुद्धा नाही, दोन दिवस बरं वाटतं आणि मूळ सवय तशीच राहते.

आता एक बाई सांगतो, म्हणजे हे सगळं प्रत्यक्षात कसं उतरतं ते दिसेल. पंचेचाळिशीच्या, कापूस वेचायला जाणाऱ्या. पौषात माझ्याकडे आल्या. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली तशी डावी बाजू दुखायला लागली. आधी कानात थेंब टाकले. मग एका ठिकाणी वरची शेवटची दाढ काढली, तरी दुखणं तसंच. दाढ गेली आणि दुखणं राहिलं, तेव्हा कुणीतरी माझ्याकडे पाठवलं.

मी आधी बाकीच्या दाढांवर ठोकून बघितलं, गार पाण्याचा कापूस लावून बघितला. एकही दाढ बोलली नाही. तोंड न दुखता 28 मिलिमीटर उघडत होतं. मी बोटांनी अगदी हलका आधार देऊन थोडं पुढं नेलं तर 37 पर्यंत गेलं, दुखत दुखत पण गेलं. हा फरक महत्त्वाचा. सांध्यातली चुंबळ अडकली असती तर तिथं भिंत लागल्यासारखं थांबलं असतं. इथं आखडलेला स्नायू हळूहळू सैल होत होता. गालावरच्या स्नायूवर बोट ठेवलं तर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, «दाढेचं दुखणं हेच होतं जी.»

मग मी विचारलं, वेचताना काय काय करता ते करून दाखवा. त्यांनी पदराची ओटी कमरेला बांधायची नक्कल केली. एक टोक हातात, दुसरं दातात, आणि मान मागं झटकून गाठ आवळली. ओटी भरली की सोडायची, परत बांधायची, दिवसातून पंधरा-वीसदा. त्यात किलोवर मजुरी, त्यामुळे वाकून वेचताना दात आवळलेले. संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेताना पुन्हा दात आवळलेले. घरी आल्यावर सुपारी. आणि दाढ काढल्यापासून सगळं उजवीकडे चावायच्या, म्हणून उजवीही दुखायला लागली होती.

मी त्यांना वेचणी सोडा असं सांगितलं नाही. हंगामाचे तेच तीन महिने हातात पैसा येतो. आम्ही ओटीला शिवलेली नाडी लावायचं ठरवलं, हातानं बांधता येईल अशी. सुपारी बंद. रात्री शेक आणि चोळणं, सकाळी निघताना सहा वेळा जीभ टाळूला लावून उघडमीट. शेतात त्यांना लाल दोरा दिसणार नव्हता, म्हणून प्रत्येक ओळीची सुरुवात ही खूण ठरली: नव्या ओळीला उभं राहिलं की दात सुटे करायचे. पहिल्या आठवड्यात फारसा फरक नव्हता, उलट चोळल्यानं गाल थोडा जास्त दुखला, तो जोर कमी केल्यावर थांबला. तिसऱ्या आठवड्यात न दुखता 36 मिलिमीटर उघडलं. सहाव्या आठवड्यात 42, आणि साधी भाकर सुरू झाली. आवाज होता तसाच होता. पुढच्या हंगामात त्यांचा फोन आला, तीन दिवस पुन्हा दुखलं होतं, ओटीची नाडी तुटली होती आणि परत दातानं बांधायला लागल्या होत्या. नाडी शिवली, चार दिवस शेकलं, थांबलं. ती दाढ काढायची गरज नव्हती याचं मात्र मला अजून वाईट वाटतं.

तुमचा वेगही साधारण असाच असेल असं धरा. दोन आठवड्यांत सकाळचं आखडणं कमी व्हायला हवं, चार ते सहा आठवड्यांत जेवताना दुखणं बरंच उतरायला हवं. सकाळीच सगळ्यात जास्त आखडत असेल तर रात्री झोपेतही दात आवळत असाल. पालथं, गालाखाली हात घेऊन झोपू नका, रात्रीचा चहा बंद करा. चार-सहा आठवडे सगळं पाळूनही सकाळ तशीच राहिली, तर दातांच्या डॉक्टरांकडून रात्री घालायचं कडक प्लास्टिकचं आवरण बनवून घेता येतं. दातांचं माप घेऊन बनवतात, सगळ्या दातांवर सारखं बसलं पाहिजे आणि रोज रात्री काढता-घालता आलं पाहिजे. दात घासून, कॅप बसवून किंवा तारा लावून हे दुखणं बरं करतो असं कोणी सुरुवातीलाच म्हणालं तर थांबा. एकदा घासलेला दात परत येत नाही, आणि हे दुखणं बहुतेकांचं त्याशिवाय जातं.

आपल्या भागात राहून खर्‍याबद्दल न लिहिता मला हे उत्तर संपवता येणार नाही. तुम्ही खात नसाल, पण घरात कोणी ना कोणी असतो, आणि त्याचंही तोंड कमी उघडतं म्हणून हाच उपाय तो करू लागतो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा गालात तास-तास चघळला की स्नायू तर थकतोच, पण सुपारीनं गालाची आतली कातडी हळूहळू घट्ट होत जाते. त्यात दुखणं कमी आणि बंद पडणं जास्त असतं. आधी तिखट झोंबायला लागतं, इतकं की साधी भाजी खाववत नाही. मग गालाच्या आत पांढुरकेपणा येतो, बोट फिरवलं तर दोऱ्यासारखे ताणलेले पट्टे लागतात, तोंडात हवा भरून गाल फुगत नाही. तोंड महिन्या-महिन्यानं कमी उघडत जातं, तीन बोटांवरून दोन, दोनावरून एक. हा सांध्याचा ताण नाही, शेक आणि मऊ खाण्यानं तो सुटत नाही, आणि याच तोंडात पुढं कॅन्सर होण्याचा धोका असतो. असं काही दिसलं तर खर्रा त्याच दिवशी बंद आणि त्या आठवड्यात तपासणी. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो, पुढं लागलं तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथलं खाजगी दंत महाविद्यालयही आहे.

तुमच्या बाबतीत काही गोष्टींना मात्र सहा आठवडे थांबायचं नाही. रोजचा ‘कट्’ एका दिवशी अचानक बंद झाला आणि त्याच दिवशी तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडायला लागलं, तर ती सुधारणा नाही. चुंबळ पुढं अडकून बसली आहे. दोन-चार दिवसांत दाखवा, लवकर दाखवलं तर सोडवणं सोपं जातं. जांभईनंतर तोंड उघडंच राहिलं, मिटेना, तर त्याच वेळी दवाखाना. घरी झटका देऊन बसवायचा प्रयत्न करू नका. गालाला सूज आणि ताप, गाल किंवा ओठ बधिर होणं, वीज चमकावी तशी क्षणभराची जीवघेणी कळ, चावताना दात पूर्वीसारखे न जुळणं, यातलं काहीही आलं तर हा साधा ताण नाही. अंगावर जखम झाली असेल, शेतात खिळा लागला असेल, काटा रुतला असेल आणि नंतरच्या दिवसांत जबडा आवळत चालला, मान कडक झाली, गिळता येईना, तर तो धनुर्वात असू शकतो. तिथं एक तासही घालवू नका. घरातल्या वयस्क माणसाचा जबडा चावताना नव्हे, तर चालताना किंवा ओझं उचलताना दुखत असेल आणि थांबल्यावर थांबत असेल, तर आधी ईसीजी काढा, कारण हृदयाचं दुखणं जबड्यात उतरतं. पन्नाशीपुढच्या माणसाला नव्यानंच कानशिलाचं डोकं दुखणं, तिथं हात लागला तरी दुखणं, चावताना जबडा भरून येणं आणि नजर अंधुक होणं असं एकत्र आलं, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

एक्स-रेची घाई नको. साध्या फोटोत हाडं दिसतात, ती गादी दिसत नाही. ती एमआरआयमध्ये दिसते, आणि तो तोंड अडकलेल्यांसाठी किंवा महिनोन्‌महिने न सुधारणाऱ्यांसाठी. तुम्हाला आज त्याची गरज नाही.

दोन आठवड्यांनी पुन्हा बोटं मोजा आणि कळवा: किती गेली, सकाळचं आखडणं किती वेळ राहतं, आणि दोरा अजून दातानं तुटतो का. गर्भारपण, साखर किंवा दुसरी कुठली चालू गोळी असेल तर तेही लिहा, म्हणजे औषधाचं मला नीट सांगता येईल.